घटक 4 : द्व्यर्थी कलम आणि भाषातज्ज्ञाची साक्ष

4.1 प्रस्तावना

मागील घटकात आपण पदबंध, उपवाक्य आणि विशेषकाची व्याप्ती या संकल्पना अभ्यासल्या. या घटकात त्या संकल्पना व्याकरणाच्या वर्गाबाहेर, न्यायनिवाड्याच्या दालनात कशा वापरल्या जातात ते पाहावयाचे आहे. करारातील एखाद्या कलमावरून दोन पक्षांत वाद होतो, दोघेही तेच वाक्य पुढे करतात आणि दोघेही ‘अर्थ अगदी स्पष्ट आहे’ असे म्हणतात. अशा वेळी भाषेच्या अभ्यासकाला तज्ज्ञ साक्षीदार म्हणून बोलावले जाते. त्याने काय सांगावयाचे असते, ते कसे सिद्ध करावयाचे असते आणि कोठे थांबावयाचे असते, हे एका प्रत्यक्ष प्रकरणाच्या आधारे समजून घेऊ.

4.2 प्रकरणाची हकीकत

हे प्रकरण कॅनडातील आहे. रॉजर्स ही केबल दूरचित्रवाणीची सेवा देणारी कंपनी. आपल्या तारा नेण्यासाठी स्वतःचे खांब उभारण्याऐवजी तिने देशाच्या पूर्वेकडील सागरी प्रांतांतील खांब वापरण्याचा करार अलायंट या दूरध्वनी कंपनीशी 2002 मध्ये केला. खांबामागे दर वर्षाला ठरावीक भाडे द्यावयाचे होते. 2005 मध्ये अलायंटने एक वर्षाची लेखी सूचना देऊन करार संपुष्टात आणत असल्याचे कळविले. करार संपला की भाडे नव्याने, अर्थातच वाढवून, ठरविता येणार होते. पहिली पाच वर्षे पूर्ण होण्याआधी करार मोडताच येत नाही, अशी रॉजर्सची भूमिका होती. वाद दूरसंचार क्षेत्राचे नियमन करणाऱ्या आयोगापुढे गेला. हा आयोग म्हणजे न्यायालय नव्हे. मात्र अशा वादांत दोन्ही बाजूंचे म्हणणे ऐकून निवाडा देण्याचे काम तो करतो.

वादाचे मूळ कराराच्या मुदतीविषयीच्या एका वाक्यात होते. मूळ वाक्य इंग्रजी आहे. त्यातील घटकांचा क्रम व स्वल्पविराम तसेच ठेवून त्याचा वादापुरता भाग मराठीत मांडला, तर तो असा दिसेल :

क – हा करार अमलात राहील पाच वर्षांच्या मुदतीसाठी,
ख – आणि त्यानंतर पाच-पाच वर्षांच्या लागोपाठ मुदतींसाठी,
ग – जर आणि जोपर्यंत कोणत्याही पक्षाने एक वर्षाची लेखी पूर्वसूचना देऊन तो संपुष्टात आणला नाही.

मराठी कानाला ही रचना खटकते, कारण आपण अट आधी सांगतो. इंग्रजीत ती वाक्याच्या शेवटी येऊ शकते, आणि येथे तेच घडले आहे. शेवटी आलेल्या ‘ग’ या अटीचा संबंध कोणाशी जोडावयाचा, एवढाच प्रश्न आहे. तो ‘क’ आणि ‘ख’ या दोहोंशी जोडला, तर पहिल्या पाच वर्षांतही सूचना देऊन करार मोडता येतो आणि अलायंटची सूचना वैध ठरते. तो फक्त ‘ख’शी जोडला, तर पहिली पाच वर्षे अबाधित राहतात आणि 2007 पूर्वी करार संपू शकत नाही.

28 जुलै 2006 च्या निर्णयात आयोगाने अलायंटची बाजू उचलून धरली. ‘ग’च्या आधी स्वल्पविराम आहे, म्हणून विरामचिन्हांच्या नियमांनुसार ती अट मागील दोन्ही भागांना लागू होते आणि कलमाचा अर्थ स्पष्ट आहे, असे आयोगाचे म्हणणे होते. वृत्तपत्रांनी या प्रकरणाला ‘दहा लाख डॉलरांचा स्वल्पविराम’ म्हणून प्रसिद्धी दिली. रॉजर्सने फेरविचारासाठी अर्ज केला आणि त्यासोबत केनेथ अ‍ॅडम्स यांचे प्रतिज्ञापत्र सादर केले. अ‍ॅडम्स हे अमेरिकी कायदेतज्ज्ञ असून करारलेखनाच्या शैलीवरील त्यांचे पुस्तक त्या क्षेत्रात प्रमाण मानले जाते. त्यांचे प्रतिज्ञापत्र 69 पानांचे होते आणि त्याचा बराचसा भाग स्वल्पविरामाविषयी होता. एका चिन्हासाठी 69 पाने हे ऐकून हसू येणे स्वाभाविक आहे. पण एखादे वाक्य दोन अर्थांचे आहे हे ‘दाखविणे’ सोपे असते, ‘सिद्ध करणे’ कष्टाचे असते, हे पुढील विवेचनावरून ध्यानात येईल.

4.3 निवेदनाची मांडणी

असे निवेदन कसे लिहिले जाते हे समजावे म्हणून, याच कलमावर पाठ्यलेखकाने अभ्यासासाठी रचलेला एक नमुना पुढे दिला आहे. तो अ‍ॅडम्स यांच्या प्रतिज्ञापत्राचा अनुवाद किंवा सारांश नाही. निवेदनाच्या आरंभी साक्षीदार आपली पात्रता, आपल्याकडे सोपविलेली कागदपत्रे आणि विचारलेला नेमका प्रश्न नमूद करतो. तो भाग येथे गाळला आहे. प्रश्न मात्र लक्षात ठेवावा : ‘या वाक्याची रचना, इंग्रजीच्या व्याकरणानुसार, एकाहून अधिक प्रकारे लावता येते काय?’ ‘करारातील पक्षांना काय अभिप्रेत होते?’ हा प्रश्न साक्षीदाराला विचारलेला नाही, आणि विचारला तरी त्याने उत्तर देऊ नये.

‘(1) वाक्यातील “अमलात राहील” या क्रियापदाला कालमर्यादा सांगणारे दोन पदबंध जोडलेले आहेत. त्यांना मी क आणि ख म्हणतो. “आणि” या उभयान्वयी अव्ययाने ते जोडले आहेत. त्यांच्यानंतर ग हे अटदर्शक उपवाक्य येते.

(2) ग हे उपवाक्य दोन ठिकाणी जोडता येते. पहिल्या रचनेत क आणि ख यांचा आधी एक गट होतो आणि ग त्या संपूर्ण गटाला लागते : [[क आणि ख] ग]. दुसऱ्या रचनेत ख आणि ग यांचा आधी गट होतो आणि तो गट क ला जोडला जातो : [क आणि [ख ग]]. या दोन्ही रचना इंग्रजीत नित्याच्या आहेत.

(3) पहिल्या रचनेचा अर्थ कायम ठेवून वाक्य पुन्हा लिहावयाचे असेल, तर ग वाक्याच्या आरंभी नेता येते. “पूर्वसूचना देऊन संपुष्टात आणला नाही, तर हा करार पाच वर्षे व त्यानंतर पाच-पाच वर्षांच्या मुदतींसाठी अमलात राहील.” या वाक्याचा दुसरा अर्थ लावता येत नाही. दुसऱ्या रचनेचा अर्थ ठेवावयाचा असेल, तर ग “त्यानंतर”च्या लगेच पुढे नेता येते. “हा करार पाच वर्षे अमलात राहील आणि त्यानंतर, पूर्वसूचना देऊन संपुष्टात आणला नाही तर, पाच-पाच वर्षांच्या मुदतींसाठी चालू राहील.” याचाही पहिला अर्थ लावता येत नाही. मूळ वाक्य या दोन्ही पुनर्लेखनांशी सारखेच सुसंगत आहे.

(4) हा फरक केवळ छटेचा नाही. करार 2002 मध्ये झाला आणि सूचना 2005 मध्ये दिली गेली, ही एकच परिस्थिती घेतली असता पहिल्या रचनेनुसार करार संपतो आणि दुसरीनुसार संपत नाही. एकाच परिस्थितीत एका वाचनाने विधान खरे व दुसऱ्याने खोटे ठरते, म्हणून ही दोन स्वतंत्र वाचने आहेत.’

परिच्छेद (4) ची आवश्यकता विद्यार्थ्यांना चटकन जाणवत नाही. संदिग्धता आणि अस्पष्टता या दोन गोष्टींची गल्लत न्यायदालनात वारंवार होते. ‘वाजवी मुदतीत काम पूर्ण करावे’ या वाक्यातील ‘वाजवी’ हा शब्द अस्पष्ट आहे. त्याची सीमारेषा ठरलेली नाही, पण वाक्याची रचना एकच आहे. आपल्या कलमात उलट स्थिती आहे. ‘पाच वर्षे’, ‘एक वर्ष’, ‘लेखी’ यांतील एकही शब्द अस्पष्ट नाही. प्रत्येक शब्दाचा अर्थ नक्की असताना वाक्याचा अर्थ मात्र दोन फांद्यांत विभागला जातो. हीच वाक्यविन्यासात्मक संदिग्धता होय. शब्दकोश कितीही चाळला तरी ती सुटत नाही, कारण ती शब्दांत नसून शब्दांच्या जोडणीत असते.

4.4 स्वल्पविरामाचा पुरावा

आता मुख्य आक्षेपाकडे वळू. स्वल्पविरामाने हा प्रश्न सुटत नाही काय? इंग्रजी कायदेव्यवहारात असा एक जुना संकेत आहे, की विशेषक साधारणतः आपल्या लगतच्या मागील घटकाला लागतो. मात्र विशेषकाच्या आधी स्वल्पविराम असेल, तर तो मागील सर्व घटकांना लागतो असे समजावे. आयोगाचा पहिला निष्कर्ष याच विचाराच्या जवळचा होता. तो अगदीच निराधार म्हणता येणार नाही. ‘आणि त्यानंतर पाच-पाच वर्षांच्या लागोपाठ मुदतींसाठी’ हा भाग दोन स्वल्पविरामांच्या मध्ये आहे. तो कंसातल्या मजकुरासारखा उचलून बाजूला ठेवला, तर ‘करार पाच वर्षे अमलात राहील, जर संपुष्टात आणला नाही’ असे धड वाक्य उरते आणि ग थेट क ला लागते.

भाषातज्ज्ञाने हा युक्तिवाद झटकून टाकू नये. त्याने त्याची ताकद नेमकी मोजावी. मधला भाग काढल्यावर धड वाक्य उरते, यावरून पहिली रचना शक्य आहे एवढेच सिद्ध होते. दुसरी रचना अशक्य आहे हे त्यावरून सिद्ध होत नाही. शिवाय इंग्रजीत स्वल्पविराम एकाच कामासाठी येत नाही. लांबलचक अटदर्शक उपवाक्य वाक्याच्या शेवटी आले, की वाचकाला श्वास घ्यायला जागा मिळावी म्हणूनही लेखक त्याआधी स्वल्पविराम देतात. तेव्हा ते उपवाक्य कोणाला जोडले आहे याचा त्या चिन्हाशी काही संबंध नसतो. पहिल्या स्वल्पविरामाचेही तसेच आहे. तो ‘ख’ला कंसात टाकणारा असेल किंवा क पासून ख ला तोडून ‘ख व ग’ असा गट सुरू करणाराही असेल. दोन कामे करू शकणारे चिन्ह दोन वाचनांपैकी एकाकडे कल दर्शवू शकते, पण दुसरे वाचन बंद करू शकत नाही. त्यामुळे निवेदनात ‘स्वल्पविराम निरर्थक आहे’ असे लिहिणे चूक आणि ‘स्वल्पविराम निर्णायक आहे’ असे लिहिणेही चूक. ‘स्वल्पविराम दोन्ही रचनांत बसतो’ एवढेच लिहिता येते.

येथे आणखी एक युक्तिवाद मोहात पाडतो. एक वर्षाची सूचना देऊन केव्हाही बाहेर पडता येत असेल, तर पाच वर्षांचा उल्लेख तरी कशाला केला? तो करार मग बेमुदतच झाला आणि ‘पाच’ हा आकडा शोभेपुरता उरला. युक्तिवाद बिनतोड वाटतो आणि पाठ्यलेखकाच्या मते तो वजनदारही आहे. परंतु तो वाक्यरचनेविषयीचा नाही. तो व्यवहाराच्या हेतूविषयीचा आहे. तो मांडणे हे वकिलाचे काम आणि स्वीकारणे किंवा नाकारणे हे निवाडा देणाऱ्याचे. भाषातज्ज्ञाने तो आपल्या निवेदनात घातला, की उलटतपासणीत ‘आपण व्याकरण सांगत आहात की एका पक्षाची वकिली करीत आहात?’ हा प्रश्न येणारच, आणि त्याला चांगले उत्तर नसते.

4.5 उलटतपासणी आणि मर्यादा

पहिली शंका अशी घेतली जाते, की न्यायाधीशाला स्वतःला भाषा येते, मग भाषातज्ज्ञ हवा कशाला? ही शंका रास्त आहे. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने 1994 मध्ये ‘आर. विरुद्ध मोहन’ या खटल्यात तज्ज्ञाची साक्ष स्वीकारण्याच्या ज्या कसोट्या घालून दिल्या, त्यांत ती साक्ष ‘आवश्यक’ असली पाहिजे ही एक आहे. आपल्याकडे 1872 च्या भारतीय पुरावा अधिनियमाच्या कलम 45 मध्ये परकीय कायदा, शास्त्र, कला, हस्ताक्षर व बोटांचे ठसे यांविषयी तज्ज्ञांचे मत ग्राह्य धरले होते. त्याची जागा घेणाऱ्या भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 39 मध्ये ‘अन्य कोणतेही क्षेत्र’ यांचीही भर पडली आहे. तरीही साध्या भाषेतील कराराचा अर्थ लावणे हे न्यायालय स्वतःचेच काम मानते. मग भाषातज्ज्ञ नवे काय देतो? सराईत वाचक वाक्य वाचताना एक रचना आपोआप निवडतो आणि दुसरी त्याच्या दृष्टीसच पडत नाही. आयोगाला कलम ‘स्पष्ट’ वाटले आणि रॉजर्सलाही ते ‘स्पष्ट’च वाटत होते, फक्त उलट अर्थाने. न दिसलेली रचना समोर मांडणे, हे तज्ज्ञाचे काम आहे.

दुसरी शंका अधिक बोचरी असते. ‘शोधायचेच म्हटले तर प्रत्येक वाक्यात दोन अर्थ सापडतील, नाही का?’ सापडतील, हे मान्य करावे. त्यापुढे जाऊन हे दाखवावे, की येथील दुसरे वाचन ओढूनताणून आणलेले नाही. त्यासाठी कोणताही शब्द गृहीत धरावा लागत नाही, शब्दाचा दुर्मीळ अर्थ घ्यावा लागत नाही आणि दोन्ही वाचनांतून व्यवहारात शक्य असा करार निघतो. वादाची माहिती नसलेल्या वाचकांची चाचणी घेऊनही हे तपासता येते. मात्र त्यांना ‘हे वाक्य द्व्यर्थी आहे का?’ असे विचारू नये, कारण तसे विचारताच ते दुसरा अर्थ शोधू लागतात. ‘तिसऱ्या वर्षी दिलेल्या सूचनेने करार संपेल का?’ असे परिस्थिती देऊन विचारावे. उत्तरे दोन्ही बाजूंना लक्षणीय प्रमाणात पडली, तर दोन्ही वाचने स्वाभाविक आहेत याला आधार मिळतो.

4.6 दुसऱ्या भाषेची साक्ष आणि मराठीतील चित्र

या प्रकरणाचा शेवट अनपेक्षित झाला. हा करार ज्या नमुना-कराराबरहुकूम केला होता, त्याला आयोगानेच इंग्रजी व फ्रेंच अशा दोन्ही भाषांत मान्यता दिली होती. फ्रेंच पाठातील तेच कलम एकाच प्रकारे वाचता येत होते आणि ते वाचन रॉजर्सच्या बाजूचे होते. ऑगस्ट 2007 मध्ये आयोगाने फ्रेंच पाठाचा आधार घेऊन आपला आधीचा निष्कर्ष फिरविला. म्हणजे व्याकरणाने संदिग्धता दाखविली, पण तिचा निकाल लावला तो व्याकरणाबाहेरच्या पुराव्याने. भाषातज्ज्ञाच्या भूमिकेची मर्यादा यातून नेमकी कळते.

अनुवादात संदिग्धता अशी नाहीशी का होते? परिच्छेद (3) मधील दोन मराठी वाक्ये पुन्हा पाहावीत. मराठीत अट मुख्य विधानाच्या आधी ठेवताना ती वाक्यारंभी ठेवावी की ‘त्यानंतर’च्या पुढे, याचा निर्णय लेखकाला घ्यावाच लागतो. इंग्रजीत शेवटी येणारी अट जी निवड लपवू शकते, ती मराठीला उघड करावी लागते.

यावरून मराठी करार निर्दोष असतात असे मात्र समजू नये. मराठीत विशेषण व धातुसाधिते नामाच्या आधी येतात, म्हणून आपली संदिग्धता वाक्याच्या शेवटी नव्हे, तर नामांच्या यादीच्या आरंभी दबा धरून बसते. भाडेकरारातील हे कलम पाहा : ‘भाडेकरूने स्वखर्चाने केलेली दुरुस्ती व बांधकामे मालकाच्या ताब्यात जातील.’ ‘भाडेकरूने स्वखर्चाने केलेली’ हे केवळ दुरुस्तीला लागते की बांधकामांनाही? लिंगवचनाकडे पाहून उत्तर मिळेल असे वाटते, पण ‘केलेली’ हे रूप स्त्रीलिंगी एकवचनी आहे आणि नपुंसकलिंगी अनेकवचनीही. ‘केलेली दुरुस्ती’ आणि ‘केलेली बांधकामे’ दोन्ही शुद्ध आहेत. रूप दोन्ही वाचनांत चपखल बसते, इंग्रजी कलमातल्या स्वल्पविरामासारखेच. आता क्रम बदलून ‘केलेले बांधकाम व दुरुस्ती’ असे लिहिले, तर ‘केलेले’ हे रूप फक्त बांधकामाशी जुळते. मग संदिग्धता मिटली का? पूर्णतः नाही. मराठीत धातुसाधित बहुधा लगतच्या नामाचे लिंगवचन घेते आणि तरीही पुढील नामापर्यंत अर्थाने पोहोचू शकते. ‘नवे कपाट व खुर्ची आणली’ असे कोणी म्हटले, तर खुर्ची जुनी होती असे आपण समजत नाही. म्हणून लिंगवचनाचा मेळ हाही कल दर्शविणारा पुरावा आहे, निर्णायक नव्हे.

अशी कलमे लिहिताना उपाय साधा असतो. ‘भाडेकरूने स्वखर्चाने केलेली दुरुस्ती, तसेच भाडेकरूने स्वखर्चाने केलेली बांधकामे’ असा विशेषक पुन्हा लिहावा. पुनरुक्ती शैलीला मारक ठरते हे साहित्यात खरे आहे. दस्तऐवजात ती स्वस्त पडते.

4.7 सरावासाठी प्रश्न

1. ‘संस्थेचे माजी अध्यक्ष व सचिव यांना मतदानाचा अधिकार राहणार नाही.’ या वाक्याच्या दोन रचना कंसांच्या साहाय्याने दाखवा. प्रत्येक रचनेसाठी, केवळ तोच अर्थ देणारे एकेक वाक्य लिहा.

2. वरील वाक्यात विद्यमान सचिवाने मतदान केले असे समजून, दोन्ही वाचनांनुसार त्याच्या मताचे काय होईल ते सांगा. या उत्तराचा निवेदनातील परिच्छेद (4) शी असलेला संबंध स्पष्ट करा.

3. ‘मालाची पोच योग्य वेळी द्यावी’ आणि ‘गोदामात ठेवलेली पोती व खोकी तपासावीत’ यांपैकी कोणते वाक्य अस्पष्ट आणि कोणते संदिग्ध आहे, ते कारणासह लिहा. दुसऱ्या वाक्यातील ‘ठेवलेली’ या रूपाचे लिंगवचन कोणकोणते असू शकते, याचाही विचार करा.

4. आपल्या घरातील भाडेकरार, विमापत्र किंवा गृहनिर्माण संस्थेची उपविधी घेऊन त्यातील एक द्व्यर्थी वाक्य निवडा. त्यावर परिच्छेद (1) ते (4) च्या धर्तीवर सुमारे 200 शब्दांचे निवेदन तयार करा. लिहून झाल्यावर, लेखकाच्या हेतूविषयी आलेली विधाने खोडून काढा.